दूरबिंदूपासून चष्म्याच्या नंबरापर्यंत : अपवर्तन दोषांचे प्रश्न सोडवण्याची एक पद्धत

ऑप्टोमेट्रीच्या पहिल्या वर्षात एक प्रश्न हमखास समोर येतो. एका व्यक्तीचा निकटबिंदू, म्हणजे तिला स्पष्ट दिसणारा सर्वांत जवळचा बिंदू, डोळ्यापासून १ मीटर अंतरावर आहे. तिला २५ सेंटिमीटरवर धरलेले पुस्तक वाचता यावे यासाठी कोणत्या शक्तीचे भिंग द्यावे लागेल? शाळेत शिकलेले भिंगाचे सूत्र वापरले की ४ वजा १ म्हणजे +३.०० डायॉप्टर असे उत्तर येते, आणि विचारलेल्या प्रश्नापुरते ते बरोबरही असते. मात्र त्याच प्रश्नाचा दुसरा भाग ‘या व्यक्तीच्या दूरदृष्टितेचा नंबर किती?’ असा असेल आणि विद्यार्थ्याने तेथेही +३.०० लिहिले, तर उत्तर चुकते. दिलेल्या माहितीवरून तो नंबर काढताच येत नाही, हे त्या ठिकाणी लिहिणे अपेक्षित असते. असे का, हे ज्याला नीट सांगता येते त्याला निकटदृष्टिता, दूरदृष्टिता आणि दृष्टिवैषम्य या तिन्ही दोषांवरील बहुतेक गणिते जड जात नाहीत, कारण त्या सर्वांच्या मुळाशी एकच बिंदू आहे. त्याचे नाव दूरबिंदू.

दूरबिंदू म्हणजे काय आणि भिंग त्याचे काय करते

डोळ्याची समायोजन शक्ती, म्हणजे जवळचे पाहण्यासाठी आतील भिंग फुगवण्याची क्षमता, पूर्णपणे शिथिल असताना ज्या बिंदूतून निघालेले किरण नेमके दृष्टिपटलावर एकत्र येतात, तो त्या डोळ्याचा दूरबिंदू होय. या व्याख्येतील ‘समायोजन शिथिल असताना’ हे शब्द सर्वांत महत्त्वाचे आहेत. निर्दोष डोळ्याचा दूरबिंदू अनंत अंतरावर असतो, म्हणजे दूरच्या वस्तूकडून येणारे समांतर किरण काहीही श्रम न करता दृष्टिपटलावर केंद्रित होतात. तपासणी कक्षात ६ मीटर अंतर हेच व्यवहारापुरते अनंत मानले जाते.

निकटदृष्टितेत डोळ्याची शक्ती त्याच्या लांबीच्या मानाने जास्त पडते, त्यामुळे समांतर किरण दृष्टिपटलाच्या पुढेच एकत्र येतात. बहुतेकदा याचे कारण डोळ्याची वाढलेली लांबी असते. प्रौढ डोळ्याची लांबी साधारण २४ मिलिमीटर असते आणि ती १ मिलिमीटरने वाढली तर सुमारे अडीच ते तीन डायॉप्टरचा नंबर लागतो, इतका हा हिशेब नाजूक आहे. पारपटलाची वक्रता जास्त असणे हे दुसरे कारण होय. उतारवयात मोतीबिंदूमुळे भिंगाचा गाभा घट्ट होऊन त्याचा अपवर्तनांक वाढणे हे तिसरे. अशा वेळी आजोबांना अचानक चाळिशीशिवाय वर्तमानपत्र वाचता येऊ लागते आणि घरातील मंडळी त्याला नजर सुधारली असे समजतात.

कारण कोणतेही असो, अशा डोळ्याचा दूरबिंदू समोर, मोजता येईल इतक्या अंतरावर असतो. तो ५० सेंटिमीटरवर असेल, तर ५० सेंटिमीटरपलीकडचे सर्व अंधुक दिसते. आता चष्म्याकडून नेमके काय हवे आहे, ते पाहा. दूरच्या वस्तूची प्रतिमा भिंगाने दूरबिंदूवर आणून ठेवावी, म्हणजे डोळ्याला ती वस्तू ५० सेंटिमीटरवरच असल्यासारखी वाटेल. दूरच्या वस्तूची प्रतिमा भिंगाच्या मुख्य नाभीवर पडते, म्हणून भिंगाची नाभी आणि डोळ्याचा दूरबिंदू एकाच जागी आले पाहिजेत. नाभी डोळ्यासमोर ५० सेंटिमीटरवर, म्हणजे प्रकाश ज्या बाजूने येतो त्याच बाजूला हवी असेल, तर भिंग अंतर्वक्र हवे आणि त्याची शक्ती १ भागिले ०.५ म्हणजे −२.०० डायॉप्टर हवी. अंतर मीटरमध्ये घेण्याचे विसरल्यामुळे दरवर्षी कोणीतरी −०.०२ असे उत्तर लिहितोच, उत्तर ०.२५ च्या पटीत बसत नसेल तर पुन्हा तपासण्याची सवय यासाठी उपयोगी पडते.

दूरदृष्टिता : डोळ्याच्या मागे असलेला बिंदू

दूरदृष्टितेत डोळ्याची शक्ती त्याच्या लांबीच्या मानाने कमी पडते. अशा शिथिल डोळ्याच्या दृष्टिपटलावर केंद्रित होण्यासाठी किरण आत शिरण्यापूर्वीच एकमेकांकडे झुकलेले असावे लागतात. कोणत्याही खऱ्या वस्तूकडून असे किरण निघत नाहीत. ते पुढे वाढवले असता डोळ्याच्या मागे ज्या बिंदूत मिळतील, तो दूरदृष्टीच्या डोळ्याचा दूरबिंदू. तो आभासी आहे. हा बिंदू डोळ्यामागे ५० सेंटिमीटरवर असेल, तर भिंगाची नाभीही तिथेच हवी, म्हणून भिंग बहिर्वक्र आणि +२.०० डायॉप्टर शक्तीचे. पद्धत निकटदृष्टितेचीच आहे, फक्त बिंदूची बाजू बदलली.

येथे मराठी संज्ञांबद्दल थोडे बोलणे भाग आहे. निकटदृष्टिता आणि दूरदृष्टिता ही नावे रुग्णाला काय नीट दिसते त्यावरून पडली आहेत. पहिले नाव योग्य आहे. दुसरे मात्र विद्यार्थ्याची दिशाभूल करते, कारण ‘दूरचे चांगले, जवळचे वाईट’ ही शालेय व्याख्या मनात पक्की बसते. वास्तविक दूरदृष्टीच्या डोळ्याला समायोजनाशिवाय दूरचेही स्पष्ट दिसत नसते आणि जवळचे तर त्याहूनही अस्पष्ट दिसते. तरुण माणसाला दूरचे स्पष्ट दिसते, ते त्याचे भिंग सतत आकुंचित स्नायूच्या जोरावर फुगवलेले असते म्हणून. संध्याकाळी कपाळ दुखणे, वाचताना अक्षरे मधूनच पुसट होणे या तक्रारी या सततच्या श्रमातून येतात.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे परत येऊ. समजा एका व्यक्तीचा खरा नंबर +२.०० आहे आणि तिची समायोजन शक्ती ३ डायॉप्टर उरली आहे. त्यातील २ डायॉप्टर दूरचे स्पष्ट करण्यातच खर्ची पडतात. उरलेल्या १ डायॉप्टरमध्ये ती १ मीटरपर्यंतचेच पाहू शकते, म्हणून निकटबिंदू १ मीटरवर. दुसऱ्या एका व्यक्तीचा नंबर +५.०० असून समायोजन ६ डायॉप्टर असेल, तर ६ वजा ५ म्हणजे पुन्हा १ डायॉप्टर, आणि तिचाही निकटबिंदू १ मीटरवरच येतो. दोघांचे उत्तर शालेय सूत्राने +३.०० असले, तरी दूरच्या चष्म्याचा नंबर एकीचा +२.०० आणि दुसरीचा +५.०० आहे. निकटबिंदूत नंबर आणि समायोजन या दोन गोष्टी एकत्र मिसळलेल्या असतात, त्यामुळे त्या एकाच आकड्यावरून नंबर वेगळा काढता येत नाही. प्रश्नात निकटबिंदू दिला असेल तर सोबत समायोजन शक्ती दिली आहे का, हे आधी शोधावे. ती दिली असेल तर निकटबिंदूचे डायॉप्टर तिच्यातून वजा करावेत. उत्तर धन आले की तेवढी दूरदृष्टिता, ऋण आले की तेवढी निकटदृष्टिता.

समायोजनाच्या याच लपंडावामुळे दूरदृष्टितेचे भाग पाडले जातात आणि त्यांवरही हमखास प्रश्न असतो. एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याचे उदाहरण घेऊ. त्याला चष्म्याशिवाय ६/६ दिसते. समोर +०.५०, +१.०० अशी भिंगे वाढवत नेली तरी +१.५० पर्यंत ६/६ टिकते आणि +१.७५ ला अक्षरे पुसट होतात. नंतर सायक्लोपेंटोलेटचे थेंब टाकून समायोजन थांबवले असता तपासणीत +२.५० मिळतात. याचा अर्थ एकूण दूरदृष्टिता २.५० आहे. त्यातील १.५० प्रकट आहे, कारण थेंबांशिवाय ती भिंगाने बाहेर काढता आली. उरलेली १.०० सुप्त आहे, कारण स्नायूचा ताण थेंबांशिवाय सुटतच नव्हता. प्रकट भागाचेही पुन्हा दोन वाटे होतात. ६/६ दिसण्यासाठी कमीत कमी जेवढे धन भिंग लागते ती निरपेक्ष दूरदृष्टिता. या मुलाला काहीच लागले नाही, म्हणून ती शून्य. उरलेली सर्व १.५० ही ऐच्छिक, जिला फॅकल्टेटिव्ह म्हणतात. वय वाढत जाते तसे समायोजन घटते, सुप्त भाग प्रकट होतो आणि ऐच्छिक भाग निरपेक्ष होत जातो. डोळा मात्र तोच असतो. प्रश्नात ‘सर्वांत कमी धन भिंग’ म्हटले आहे की ‘सर्वांत जास्त धन भिंग’, या एका शब्दावर सगळे उत्तर फिरते, हे ध्यानात ठेवावे.

दृष्टिवैषम्य : एका डोळ्याला दोन दूरबिंदू

विद्यार्थी ज्याला सर्वांत जास्त घाबरतात तो हा भाग दूरबिंदूच्या भाषेत सर्वांत सोपा आहे. पारपटल सर्व दिशांनी सारखे वक्र नसेल, तर उभ्या दिशेने डोळ्याची शक्ती एक आणि आडव्या दिशेने दुसरी असते. या दिशांना मेरिडियन म्हणतात. नियमित दृष्टिवैषम्यात सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी शक्तीचे मेरिडियन एकमेकांशी काटकोनात असतात. प्रत्येक मेरिडियनला स्वतःचा दूरबिंदू असतो. म्हणून करायचे एवढेच की वर सांगितलेली पद्धत दोनदा वापरायची आणि मग दोन्ही उत्तरे एका भिंगात बसवायची.

हे केवळ सोयीचे गणित नाही, इतिहासात ते असेच घडले आहे. थॉमस यंग यांनी १८०१ साली स्वतःच्या डोळ्यातील हा दोष नोंदवला होता. इंग्लंडमधील खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी १८२५ मध्ये तो भिंगाने दूर केला. त्यांना डाव्या डोळ्याने नीट वाचता येत नसे. त्यांनी एका पुठ्ठ्याला बारीक छिद्र पाडून त्यातून येणारा प्रकाशबिंदू डोळ्यापासून मागेपुढे सरकवला. एका अंतरावर तो बिंदू एका दिशेच्या रेघेसारखा दिसला आणि आणखी दूरवर तिच्याशी काटकोन करणाऱ्या रेघेसारखा. ती दोन अंतरे म्हणजे दोन मेरिडियनचे दूरबिंदू. त्यांवरून त्यांनी भिंगाचा हिशेब केला आणि तसे दंडगोलाकार भिंग बनवून घेतले.

दंडगोलाकार भिंगाबाबत, म्हणजे सिलिंडरबाबत, एकच गोष्ट घट्ट धरून ठेवावी. त्याच्या ॲक्सिसच्या दिशेने त्याला शक्ती नसते. पूर्ण शक्ती ॲक्सिसशी काटकोनात असते. काचेची दंडगोल बाटली उभी धरली तर तिच्या उंचीच्या दिशेने पृष्ठभाग सरळ असतो आणि आडव्या दिशेने वळलेला असतो, हे चित्र डोळ्यांसमोर ठेवले की पुरे. ॲक्सिसचे अंश तपासणाऱ्याच्या उजव्या हाताकडून सुरू होऊन घड्याळाच्या उलट दिशेने मोजतात, आणि दोन्ही डोळ्यांना हीच पद्धत असते. आडव्याला १८० आणि उभ्याला ९० म्हणतात.

एक उदाहरण पूर्ण सोडवून

प्रश्न असा आहे. रेटिनोस्कोपी, म्हणजे डोळ्यात प्रकाश टाकून बाहुलीतून परतणाऱ्या उजेडाची हालचाल पाहण्याची तपासणी, ६७ सेंटिमीटर अंतरावरून केली. आडव्या मेरिडियनमधील हालचाल −१.०० भिंगाने थांबली आणि उभ्या मेरिडियनमधील −२.५० ने. चष्म्याचा नंबर लिहा, तो दुसऱ्या पद्धतीत बदला आणि दोषाचा प्रकार सांगा.

पहिली पायरी म्हणजे कागदावर अधिकचे मोठे चिन्ह काढून आडव्या रेषेच्या टोकाशी −१.०० आणि उभ्या रेषेच्या टोकाशी −२.५० लिहावे. चित्र न काढता तोंडी हिशेब करणारे विद्यार्थी हुशार असले तरी चुकतात, असा माझा अनुभव आहे. रेटिनोस्कोपचा प्रकाशपट्टा वापरला असेल तर आणखी एक सावधगिरी हवी. पट्टा उभा धरून तो डावीउजवीकडे हलवला असता आडव्या मेरिडियनची तपासणी होते. पट्टा उभा म्हणून मेरिडियनही उभा, असे धरले की पुढचे सर्व ९० अंशांनी फिरते.

दुसरी पायरी तपासणीचे अंतर वजा करण्याची. ६७ सेंटिमीटरवरून पाहताना भिंगांनी डोळ्याचा दूरबिंदू अनंतावर नव्हे, तर तपासणाऱ्याच्या डोळ्याशी आणून ठेवला जातो. १ भागिले ०.६७ म्हणजे जवळपास १.५०. म्हणून प्रत्येक आकड्यातून १.५० वजा करावे : आडव्यात −२.५० आणि उभ्यात −४.००. तपासणी ५० सेंटिमीटरवरून केली असती तर २.०० वजा करावे लागले असते. ही पायरी विसरल्यास दोन्ही मेरिडियन सारखेच चुकतात, त्यामुळे सिलिंडर बरोबर येतो आणि गोल नंबर मात्र १.५० ने चुकतो. उत्तरपत्रिकेतील ‘सिलिंडर बरोबर, स्फिअर चूक’ या खुणेवरून परीक्षकाला चूक कुठे झाली ते लगेच कळते.

तिसऱ्या पायरीत दूरबिंदू पाहू. आडव्या मेरिडियनचा दूरबिंदू १ भागिले २.५, म्हणजे ४० सेंटिमीटरवर. उभ्याचा २५ सेंटिमीटरवर. एअरी यांच्याप्रमाणे एक प्रकाशबिंदू या डोळ्यासमोर सरकवला, तर समायोजन शिथिल असताना २५ सेंटिमीटरवर तो आडव्या रेघेसारखा दिसेल, कारण तेथे उभी दिशा नेमकी केंद्रित होते आणि पसरट राहते ती आडवी दिशा. ४० सेंटिमीटरवर त्याची उभी रेघ दिसेल. परीक्षेत हे विचारले नसले तरी मनात ताडून पाहावे. ‘उभा मेरिडियन आडवी रेघ घडवतो’ हे एकदा उमगले की स्टर्मच्या कोनॉइडवरील, म्हणजे दोन मेरिडियन वेगवेगळ्या अंतरांवर घडवतात त्या दोन प्रतिमारेषा आणि त्यांमधील किरणांच्या आकारावरील, प्रश्न पाठ करावे लागत नाहीत.

चौथ्या पायरीत नंबर लिहायचा. दोन्ही मेरिडियनना किमान −२.५० हवेच आहेत, म्हणून −२.५० हा गोल नंबर. आडव्या मेरिडियनचे काम एवढ्यावर संपले. उभ्यात आणखी −१.५० हवेत, ते सिलिंडरने द्यायचे. सिलिंडरची शक्ती उभ्या दिशेने हवी, म्हणून त्याचा ॲक्सिस आडवा, म्हणजे १८०. नंबर झाला :

−२.५० / −१.५० × १८०

येथेच सर्वांत जास्त गुण जातात. शक्ती ९० ला हवी म्हणून ॲक्सिसही ९० लिहिला जातो. तसे केले तर काय होईल, ते करून पाहा. −२.५० / −१.५० × ९० या भिंगात उभ्या दिशेला −२.५० आणि आडव्या दिशेला −४.०० मिळतात. उभ्यात १.५० कमी पडले, आडव्यात १.५० जास्त झाले, म्हणजे दीड डायॉप्टरचा दोष घालवायला निघालेल्या भिंगाने तीन डायॉप्टरचा दोष निर्माण केला. अशा चष्म्याने सिलिंडर नसलेल्या चष्म्यापेक्षाही वाईट दिसते. ॲक्सिस थोडा चुकला तरी परिणाम वाटतो त्याहून मोठा असतो : १० अंशांची चूक सिलिंडरचा सुमारे तिसरा हिस्सा वाया घालवते आणि ३० अंशांची चूक झाल्यास शिल्लक दोष मूळ सिलिंडरइतकाच राहतो. दुकानातून नवीन चष्मा घेतल्यावर ‘जुन्यानेच बरे दिसत होते’ असे कोणी म्हणाले, तर नंबराआधी ॲक्सिस तपासावा, तो यासाठी.

पाचवी पायरी रूपांतराची, जिला ट्रान्सपोझिशन म्हणतात. गोल नंबर आणि सिलिंडर यांची चिन्हांसह बेरीज करावी, सिलिंडरचे चिन्ह उलटावे आणि ॲक्सिस ९० अंशांनी बदलावा. −२.५० आणि −१.५० मिळून −४.००, सिलिंडर +१.५०, ॲक्सिस ९० :

−४.०० / +१.५० × ९०

भिंग तेच आहे, केवळ लिहिण्याची रीत बदलली. खात्रीसाठी पुन्हा अधिकच्या चिन्हावर मांडावे : उभ्या दिशेला ॲक्सिस आहे, म्हणून तेथे फक्त −४.००, आडव्या दिशेला −४.०० अधिक १.५० म्हणजे −२.५०. मूळ आकडे परत मिळाले. नियम पाठ असणाऱ्यांनीही ही पडताळणी सोडू नये. बेरजेत चिन्हाची गफलत झाली असेल तर ती येथेच पकडली जाते.

प्रकार ओळखताना लिहिलेल्या चिन्हांवर विसंबू नये

आपल्या उदाहरणात दोन्ही मेरिडियन ऋण आहेत, म्हणजे दोन्ही प्रतिमारेषा दृष्टिपटलाच्या पुढे पडतात. म्हणून हे संयुक्त निकटदृष्टी दृष्टिवैषम्य. उभ्या मेरिडियनला जास्त ऋण भिंग लागले याचा अर्थ डोळ्याची शक्ती उभ्या दिशेने जास्त आहे, आणि अशा दोषाला ‘विथ द रूल’ म्हणतात. पारपटल आडव्या दिशेने जास्त वक्र असेल तर तो ‘अगेन्स्ट द रूल’. वय वाढते तसा हा प्रकार जास्त आढळतो.

फसगत होते ती +१.०० / −३.०० × ९० अशा नंबरांत. गोल नंबर धन आहे म्हणून दूरदृष्टी, असे कोणी म्हणते. सिलिंडर ऋण आणि मोठा आहे म्हणून निकटदृष्टी, असे दुसरा म्हणतो. अधिकच्या चिन्हावर मांडले की उभ्या दिशेला +१.०० आणि आडव्या दिशेला −२.०० दिसतात. एक रेषा दृष्टिपटलाच्या मागे, एक पुढे. हे मिश्र दृष्टिवैषम्य आहे. तसेच +२.०० / −२.०० × १८० मध्ये आडव्याला +२.०० आणि उभ्याला शून्य मिळते, म्हणून ऋण सिलिंडर लिहिलेला असूनही हे साधे दूरदृष्टी दृष्टिवैषम्य ठरते. वर्गीकरण दोन मेरिडियनच्या आकड्यांवरून करावे. कागदावरच्या स्फिअर-सिलिंडरवरून कधीच करू नये.

घड्याळाच्या तबकडीसारख्या तक्त्यावरील प्रश्नही याच आकड्यांतून सुटतो. आपल्या उदाहरणातील डोळा दूरच्या तक्त्याकडे पाहतो, तेव्हा आडव्या मेरिडियनने घडवलेली उभी प्रतिमारेषा दृष्टिपटलाला जास्त जवळ असते. त्यामुळे १२ ते ६ ही उभी रेघ इतरांपेक्षा ठळक दिसते. ठळक रेघेच्या दोन आकड्यांपैकी लहान आकड्याला ३० ने गुणले की ऋण सिलिंडरचा ॲक्सिस मिळतो : ६ गुणिले ३० म्हणजे १८०. आपला ॲक्सिस तोच होता. हा नियम ऋण सिलिंडरसाठीच आहे, आणि दोन्ही रेषा येथल्यासारख्या दृष्टिपटलाच्या पुढे असतील किंवा डोळ्यासमोर धन भिंग ठेवून पुढे आणल्या असतील तरच तो लागू पडतो.

नंबर ठरल्यानंतरच्या दोन गोष्टी

रेटिनोस्कोपीतून मिळालेला नंबर रुग्णाला विचारून पक्का करावा लागतो आणि तेथे तरुण निकटदृष्टी रुग्ण आपल्याला नेहमी एकाच दिशेने चुकवतो. गरजेपेक्षा जास्त ऋण भिंग दिले तरी तो समायोजन वापरून ६/६ वाचतो, उलट अक्षरे लहान आणि काळीभोर दिसतात म्हणून ते भिंग ‘जास्त छान’ असेही सांगतो. याची परीक्षा लाल-हिरव्या तक्त्याने होते. हिरवा प्रकाश लालपेक्षा थोडा पुढे केंद्रित होतो. हिरव्यावरची अक्षरे जास्त ठळक दिसत असतील तर प्रतिमा मागे ढकलली गेली आहे, म्हणजे ऋण भिंग जास्त झाले. लालवरची ठळक असतील तर अजून थोडे ऋण हवे. पूर्ण ६/६ देणारे सर्वांत कमी ऋण, किंवा सर्वांत जास्त धन भिंग, हेच उत्तर. कितीही भिंगे बदलली तरी ६/६ मिळत नसेल, तर बारीक छिद्रातून पाहायला लावावे. छिद्रातून सुधारले तर अजून अपवर्तन दोष शिल्लक आहे; तो केराटोकोनस या पारपटल शंकूसारखे पुढे येण्याच्या विकारासारखा अनियमित असेल तर मात्र गोल आणि सिलिंडर भिंगांनी तो पूर्ण भरून निघत नाही. छिद्रातूनही सुधारले नाही तर कारण बहुधा दृष्टिपटलात किंवा त्याच्या मागे शोधावे लागते.

दुसरी गोष्ट अंतराची. आतापर्यंतची दूरबिंदूची अंतरे, डोळ्यासमोर म्हटले तरी, चष्म्याच्या भिंगापासूनची धरली, आणि ते डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर पुढे असते. कॉन्टॅक्ट लेन्स डोळ्यावरच बसते. दूरबिंदू आपल्या जागी स्थिर आहे, म्हणून लेन्सपासूनचे त्याचे अंतर बदलते. निकटदृष्टीत तो समोर असल्यामुळे अंतर १.२ सेंटिमीटरने वाढते आणि शक्ती कमी लागते. दूरदृष्टीत तो मागे असल्यामुळे अंतर तेवढेच घटते आणि शक्ती जास्त लागते. −८.०० चा चष्मा वापरणाऱ्याचा दूरबिंदू चष्म्यापासून १२.५ आणि डोळ्यापासून १३.७ सेंटिमीटरवर असतो. १ भागिले ०.१३७ म्हणजे −७.३०. +८.०० वाल्याचे अंतर १२.५ चे ११.३ होते आणि +८.८५ लागतात. सूत्र पाठ असले तर उत्तमच, पण चिन्ह विसरले तरी हा विचार उत्तर काढून देतो. चार डायॉप्टरच्या आतील नंबरात फरक इतका लहान पडतो की तो सहसा सोडून देतात.

आपले उदाहरण नेमके या सीमेवर आहे, आणि सिलिंडर असल्यामुळे हिशेब पुन्हा मेरिडियननिहायच करावा लागतो. आडव्याचा दूरबिंदू चष्म्यापासून ४० सेंटिमीटरवर होता, तो डोळ्यापासून ४१.२ वर, शक्ती −२.४३. उभ्याचा २५ चा २६.२ झाला, शक्ती −३.८२. दोहोंतील फरक १.३९, म्हणजे चष्म्यातील −१.५० सिलिंडरपेक्षा कमी. टोरिक, म्हणजे सिलिंडर असलेल्या, कॉन्टॅक्ट लेन्समध्ये सिलिंडर सामान्यतः −०.७५, −१.२५, −१.७५ अशा टप्प्यांनी मिळतो. त्यामुळे पहिली चाचणी लेन्स −२.५० / −१.२५ × १८० ची निवडावी, ती डोळ्यावर स्थिरावू द्यावी, तिच्यावरील खूण किती अंश फिरली ते पाहावे आणि मगच ॲक्सिस पक्का करावा.